नव्वदच्या पुढे न सरकणारा मेल्टिंग पॉइंट: बेंझिलच्या एका बॅचचे प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकीकत महाराष्ट्रातल्या एका कॉलेजच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतली आहे. कॉलेज आणि माणसे ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. आकडे विद्यार्थिनीच्या रफ वहीतले आहेत.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला तिला तीन पायऱ्यांचा छोटा प्रोजेक्ट मिळाला होता. बेंझाल्डिहाइडपासून बेंझॉइन, बेंझॉइनपासून बेंझिल आणि बेंझिलपासून बेंझिलिक अॅसिड. पहिली पायरी सायनाइडऐवजी थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-१, वापरून करायची होती आणि ती तिने चांगली पार पाडली. पांढरे बेंझॉइन मिळाले, ते १३३ ते १३५ अंशांना वितळले. पुस्तकातला आकडा १३७ च्या आसपासचा आहे, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

दुसरी पायरी ऑक्सिडेशनची. बेंझॉइनमध्ये एका बाजूला कार्बोनिल गट असतो आणि शेजारच्या कार्बनवर अल्कोहोलचा ओएच. त्या ओएचचेही कार्बोनिल झाले की बेंझिल तयार होते. जुनी आणि अजूनही बहुतेक प्रयोगशाळांत चालणारी पद्धत अशी: १० ग्रॅम बेंझॉइन, ५० मिली संहत नायट्रिक अॅसिड, गोल बुडाचा फ्लास्क, उकळती वॉटर बाथ, आणि हे सगळे फ्यूम हूडमध्ये. नायट्रोजन ऑक्साइडचा तपकिरी धूर निघत राहतो. तो थांबेपर्यंत, साधारण दीड तास, अधूनमधून हलवत तापवायचे. मग थंड पाण्यात ओतायचे. तेलासारखा थर ढवळता ढवळता पिवळा घट्ट होतो. तो सक्शनवर गाळायचा, अॅसिड जाईपर्यंत पाण्याने धुवायचा आणि अल्कोहोलमधून रीक्रिस्टलाइझ करायचा, म्हणजे गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून थंड करून पुन्हा स्फटिकांत आणायचा. बेंझिलच्या लांब पिवळ्या सुया येतात आणि त्या ९५ अंशांच्या आसपास वितळतात.

तिचा कच्चा माल वाळवून ९.४ ग्रॅम भरला. रंग छान पिवळा होता. १० ग्रॅम बेंझॉइनपासून जास्तीत जास्त ९.९ ग्रॅम बेंझिल मिळू शकते, म्हणजे यील्ड पंच्याण्णव टक्के. शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी तिला पार्टी मागितली.

अडचण

कच्च्या मालाचा मेल्टिंग पॉइंट तिने घेतला नाही. आपल्याकडे सहसा कोणी घेत नाही. थेट रीक्रिस्टलायझेशन केले: २४ मिली गरम अल्कोहोल, सावकाश थंड करणे, मग बर्फ. सुया सुंदर आल्या, वजन ८.२ ग्रॅम. कॅपिलरी भरली, थील ट्यूबमध्ये लिक्विड पॅराफिन होतेच, आणि थर्मामीटरवर डोळा ठेवला. ८४ ला कॅपिलरीतली पूड ओलसर दिसू लागली आणि आकसली. ९० ला सगळे पारदर्शक झाले.

पंच्याण्णवऐवजी चौऱ्याऐंशी ते नव्वद. तिने घाईत तापवले असेल असे समजून दुसरी कॅपिलरी लावली आणि ऐंशीच्या पुढे मिनिटाला एक-दोन अंश एवढ्याच वेगाने तापमान वाढवले. उत्तर तेच आले.

आता कोणीही करेल तेच तिने केले, आणखी एकदा रीक्रिस्टलायझेशन. दुसऱ्या खेपेला ७.२ ग्रॅम माल उरला. सुया पहिल्यापेक्षा लांब आणि चकचकीत होत्या. मेल्टिंग पॉइंट ८४ ते ९०.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच होती. एका रीक्रिस्टलायझेशननंतर मेल्टिंग पॉइंट कमी असणे रोजचेच. दुसऱ्यानंतर तो थोडा तरी वर चढायला हवा. तो जागचा हललाच नाही, तर अर्थ असा की जे काही मिसळले आहे ते आपण वापरत असलेल्या सॉल्व्हंटला निघतच नाही. त्या वेळी मात्र तिला एवढेच दिसत होते की दर खेपेला एक ग्रॅम माल जातोय आणि हाती काही येत नाही.

आधी साधनांवर संशय

ती प्रोजेक्टच्या मॅडमकडे गेली तेव्हा तिने आणखी एक पुरावा सोबत नेला होता. तिने टीएलसी, म्हणजे मिश्रणातले पदार्थ प्लेटवर वेगळ्या ठिपक्यांत दाखवणारी चाचणी, केली होती. सिलिकाची प्लेट, नऊ भाग हेक्सेनला एक भाग इथाइल अॅसिटेट. पिवळा एकच ठिपका वर चढलेला. "मॅडम, टीएलसीवर सिंगल स्पॉट आहे. म्हणजे कंपाउंड प्युअर आहे. थर्मामीटरच कमी दाखवतोय."

मॅडमनी थर्मामीटरचा मुद्दा उडवून लावला नाही. प्रयोगशाळेतले थर्मामीटर पडतात, त्यातला पारा तुटतो, आणि एक-दोन अंशांचा फरक सहज निघतो. त्यांनी कपाटातले शुद्ध अॅसिटॅनिलाइड काढून दिले आणि त्याच थर्मामीटरवर, त्याच ट्यूबमध्ये मेल्टिंग पॉइंट घ्यायला सांगितले. अॅसिटॅनिलाइड ११४ ला वितळते. तिला ११३ ते ११४ मिळाले. थर्मामीटर पाच अंश खोटे बोलत नव्हता. शिवाय थर्मामीटरची चूक असती तर सगळा पल्ला एकसारखा खाली सरकला असता. पल्ला सहा अंश रुंद व्हायला थर्मामीटर कारण ठरू शकत नाही.

दुसरा संशय ओलाव्याचा. सुयांमध्ये अडकलेले अल्कोहोलही मेल्टिंग पॉइंट खाली ओढते. माल चुरून वॉच ग्लासवर पसरला आणि रात्रभर डेसिकेटरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी वजनात नाव घेण्यासारखा फरक नव्हता आणि वितळण्याचा पल्लाही तोच.

मग मॅडमनी टीएलसीबद्दल विचारले, "ठिपका बघितलास कशाने?" नुसत्या डोळ्यांनी, असे उत्तर आले. विभागातला यूव्हीचा दिवा महिनाभर बंद होता आणि संशोधनाच्या खोलीतला आणायला परवानगी लागते. बेंझिल पिवळे असल्यामुळे ते प्लेटवर असेच दिसते. रंगहीन पदार्थ शेजारी बसला असता तरी दिसला नसता. "सिंगल स्पॉट" या शब्दांना इथे काहीच वजन नव्हते. प्लेट आयोडीनच्या बरणीत ठेवली असती तरी पुरले असते.

कोण मिसळले आहे?

अशुद्धता आहे हे मान्य झाल्यावर ती कोणती, हा प्रश्न उरला. मॅडमनी उत्तर सांगितले नाही, दोन कॅपिलऱ्या भरायला लावल्या.

पहिलीत तिचा माल आणि स्टोअरमधले बाटलीतले बेंझिल, समप्रमाणात खलून. ही मिक्स्ड मेल्टिंग पॉइंटची जुनी युक्ती आहे. ते ८५ च्या सुमारास मऊ पडू लागले आणि ९२ ते ९३ ला पूर्ण वितळले. वरचे टोक वर गेले, म्हणजे तिचा माल मुख्यतः बेंझिलच होता. त्यात मिसळलेले जे काही होते ते फक्त पातळ झाले होते.

दुसरीत तिचा माल आणि चिमूटभर तिचेच पहिल्या पायरीतले बेंझॉइन. हे १३५ ला वितळणारे, म्हणजे जास्त मेल्टिंग पॉइंटचे. नवख्या माणसाला वाटते की ते घातल्यावर आकडा वर जाईल. झाले उलटे. सुरुवात ८४ लाच, पण ८७ पर्यंत सगळे वितळून मोकळे.

या दुसऱ्या कॅपिलरीवर थोडे थांबायला हवे. दोन पदार्थांचे मिश्रण तापवले की सर्वांत आधी वितळतो तो युटेक्टिक, म्हणजे त्या दोघांचे सर्वांत कमी तापमानाला वितळणारे मिश्रण. अशुद्धता दोन टक्के असो की पंधरा, वितळायला सुरुवात तिथूनच होते. प्रमाण कळते ते वरच्या टोकावरून, कारण शेवटचा स्फटिक कधी नाहीसा होतो ते द्रवात किती परका पदार्थ मिसळला आहे यावर ठरते. बेंझॉइन घातल्यावर वरचे टोक खाली आले पण सुरुवात जागेवरच राहिली. मालात आधीपासून वेगळाच कुठला पदार्थ असता तर बेंझॉइन घातल्यावर मिश्रण तिघांचे झाले असते आणि मऊ पडण्याची सुरुवातही आणखी खाली सरकली असती. ती सरकली नाही, म्हणून संशयित एकच उरला: न बदललेले बेंझॉइन.

यात एक धोकाही आहे. तिने बेंझॉइन आणखी घातले असते आणि प्रमाण नेमके युटेक्टिकला पोचले असते, तर मिश्रण एखाद्या शुद्ध पदार्थासारखे एका अंशाच्या आत वितळले असते. नुसता अरुंद पल्ला पाहून कोणी "शुद्ध" असा शिक्का मारू नये. पल्ला अरुंद हवा आणि आकडाही बरोबर हवा.

खात्री करायला बेंझिल-बेंझॉइनच्या जोडीची खास रंगाची चाचणी आहे. अगदी कणभर माल अर्धा मिली अल्कोहोलमध्ये विरघळवायचा आणि दहा टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे कॉस्टिकचा, एक थेंब टाकायचा. शुद्ध बेंझिल असेल तर दोन-तीन मिनिटे काही होत नाही. बेंझॉइन असेल तर द्रावण जांभळे होते. तिने दोन परीक्षानळ्या शेजारी ठेवल्या. बाटलीतल्या बेंझिलची नळी फिकट पिवळी राहिली. तिची नळी बघता बघता जांभळी झाली. बूच लावून जोरात हलवल्यावर रंग उडाला आणि नळी स्थिर ठेवल्यावर परत आला. असा जाणारा-येणारा जांभळा रंग ही या जोडीची ओळख आहे. प्रयोगशाळेतले काका पंचवीस वर्षे नळ्या धुताहेत, ते लांबूनच म्हणाले, "बेंझॉइन राहिलंय वाटतं."

प्रमाणाचा अंदाज वितळण्याच्या आकड्यावरूनच निघतो. बेंझिलमध्ये वजनाने एक टक्का बेंझॉइन असेल तर वरचे टोक साधारण अर्ध्या अंशाने खाली येते. इथे पाच अंशांची घट होती. म्हणजे सुमारे दहा टक्के, दर दहा ग्रॅममागे एक ग्रॅम. हा अंदाज ढोबळ आहे, पण पुढचा निर्णय घ्यायला तेवढा पुरला.

रीक्रिस्टलायझेशनला ते का निघाले नाही

रीक्रिस्टलायझेशनमध्ये गृहीत असते की अशुद्धता थोडी आहे आणि ती थंड सॉल्व्हंटमध्ये विरघळलेलीच राहील. बेंझॉइन यातले दुसरे गृहीत पाळत नाही. ते अल्कोहोलमध्ये बेंझिलपेक्षा कमी विरघळते. एक ग्रॅम बेंझिलला उकळते अल्कोहोल अडीच मिली पुरते, एक ग्रॅम बेंझॉइनला आठ मिली लागते. चोवीस मिलीमध्ये नऊ-साडेनऊ ग्रॅम मालातले जेमतेम एक ग्रॅम बेंझॉइन उकळताना विरघळते खरे, पण थंड होताना तेही बेंझिलसोबत खाली बसते. स्फटिक गाळल्यावर उरणाऱ्या द्रावणात, म्हणजे मदर लिकरमध्ये, दोन्ही थोडे थोडे राहतात आणि उरलेल्या स्फटिकांत प्रमाण जवळपास तसेच राहते.

मॅडमनी हे तिलाच पडताळून पाहायला लावले. फेकून न दिलेली दुसऱ्या खेपेची मदर लिकर वॉटर बाथवर आटवली. उरलेला पिवळा माल ८४ ते ८८ ला वितळला. स्फटिक आणि मदर लिकर यांत दोन अंशांचाच फरक होता. दोन्ही ठिकाणी जवळपास तेच मिश्रण असेल तर तिसऱ्या, चौथ्या खेपेला मालच तेवढा कमी होत जाणार.

आणि यील्ड? बेंझॉइनचा रेणुभार २१२, बेंझिलचा २१०. दोघांत फरक आहे तो दोन हायड्रोजनचा. न बदललेले बेंझॉइन तराजूवर बेंझिलच्याच वजनाने बसते. ज्या पंच्याण्णव टक्क्यांसाठी पार्टी मागितली गेली होती, त्यातले दहा टक्के न बदललेल्या बेंझॉइनचेच होते. या रूपांतरापुरते बोलायचे तर वजन हा पुरावाच नाही. रूपांतर शून्य झाले असते तरी यील्ड शंभरच्या आसपास दिसले असते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कोणी मोठ्याने बोलले नाही, पण तो टेबलावर होता: जर्नलमध्ये "निरीक्षित ९०, ग्रंथातील ९५" लिहून पुढच्या पायरीला जायचे. सबमिशन जवळ आले होते. पुढची पायरी बेंझिलला अल्कोहोलिक कॉस्टिक पोटॅशसोबत तापवून बेंझिलिक अॅसिड करण्याची. तिथे द्रावण तसेही गडद निळसर-काळे होते, म्हणून बेंझॉइनचा रंग त्यात खपून गेला असता. अशुद्धता शेवटच्या पदार्थात किंवा घटलेल्या यील्डमध्ये दिसली असती आणि तेव्हा दोष कुठल्या पायरीचा हे शोधणे कठीण झाले असते. मॅडमनी हा पर्याय नाकारला.

दुसरा पर्याय, बरेच जास्त अल्कोहोल घेऊन रीक्रिस्टलायझेशन. एवढे की थंड झाल्यावरही बेंझॉइन विरघळलेले राहील. हे शक्य आहे, पण तेवढ्या अल्कोहोलमध्ये निम्म्याहून जास्त बेंझिलही राहून गेले असते. कॉलम करणे, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून मिश्रण सोडून पदार्थ वेगळे करणे, हा याचाच खर्चिक भाऊ. सात ग्रॅमसाठी सिलिका आणि सॉल्व्हंट किती लागेल याचा हिशेब केल्यावर तोही मागे पडला.

तिसरा पर्याय मला सर्वांत सरळ वाटतो: अशुद्धता काढायची नाही, तिचेच बेंझिल करायचे. उरलेले बेंझॉइन म्हणजे न झालेली अभिक्रिया. ती पूर्ण केली की अशुद्धताही संपते आणि मालही वाढतो. विद्यार्थिनीने स्वतःच सुचवले, "परत नायट्रिकमध्ये टाकू का?"

इथे मॅडम थोड्या कडक झाल्या. हा माल दोनदा अल्कोहोलमधून काढलेला होता. संहत नायट्रिक अॅसिड आणि अल्कोहोल एकत्र आले की अभिक्रिया काही वेळ गप्प बसल्यासारखी राहते आणि मग अचानक भडकते. तपकिरी धुरासह मिश्रण फ्लास्कबाहेर येते. कच्चे बेंझॉइन नायट्रिकमध्ये घालणे वेगळे आणि अल्कोहोल धरून बसलेल्या सुया घालणे वेगळे. डेसिकेटरमध्ये रात्रभर ठेवलेला माल बहुधा कोरडा होता, पण सुयांच्या आत अडकलेल्या अल्कोहोलसाठी "बहुधा" चालत नाही. शिवाय फ्यूम हूडची ओढ कमी झाली होती. म्हणून ऑक्सिडेशन परत करायचे, पण नायट्रिकने नाही, असे ठरले.

काय केले

निवडलेली पद्धत अशी: ८० टक्के अॅसिटिक अॅसिडमध्ये कॉपर अॅसिटेट उत्प्रेरक म्हणून आणि अमोनियम नायट्रेट ऑक्सिडायझर म्हणून. कॉपर बेंझॉइनला ऑक्सिडाइझ करते आणि स्वतः क्षपित होते. अमोनियम नायट्रेट त्याला पुन्हा मूळ अवस्थेत आणते. त्यातून अमोनियम नायट्राइट बनते आणि त्याचे नायट्रोजन व पाणी होऊन जाते. तपकिरी धूर जवळजवळ नाही. दहा-साडेदहा ग्रॅम बेंझॉइनला ०.१ ग्रॅम कॉपर अॅसिटेट, पाच ग्रॅम अमोनियम नायट्रेट आणि बत्तीस-तेहतीस मिली अॅसिटिक अॅसिड हे नेहमीचे प्रमाण. चाचण्यांना गेलेला माल वजा जाऊन तिच्याकडे सात ग्रॅम होता. त्यातले बेंझॉइन पाऊण ग्रॅमही नव्हते. तरी प्रमाण पूर्ण सात ग्रॅम धरूनच घेतले, कारण दहा टक्के हा अंदाज होता, मोजणी नव्हती.

कंडेन्सर लावून रिफ्लक्स सुरू केला. माल विरघळला, नायट्रोजनचे बुडबुडे आले आणि थोड्या वेळाने कमी झाले. पहिल्या खेपेला बुडबुडे किंवा धूर थांबणे हीच शेवटची खूण मानली होती. या वेळी ती खूण मान्य नव्हती. दर वीस मिनिटांनी काचकांडीने एक थेंब काढून पाण्यात टाकायचा, जमलेला पिवळा कण धुवायचा, अल्कोहोलमध्ये विरघळवून कॉस्टिकचा थेंब द्यायचा. पहिल्या तपासणीला जांभळा रंग आला. दुसऱ्याला फिकट, उशिरा आला. तिसऱ्याला आलाच नाही. त्यानंतर आणखी अर्धा तास रिफ्लक्स चालू ठेवला.

कण धुण्याला इथे महत्त्व आहे. थेंबात अॅसिटिक अॅसिड राहिले तर ते कॉस्टिक खाऊन टाकते, माध्यम अल्कलाइन होतच नाही आणि रंग येत नाही. तो "शुद्ध" असा खोटा निकाल झाला असता. हे टाळायला तिसऱ्या तपासणीत रंग न आलेल्या नळीत तिने मुद्दाम बेंझॉइनचा एक कण टाकला. नळी जांभळी झाली, म्हणजे चाचणी काम करत होती.

यादरम्यान मॅडमनी रफ वही चाळली आणि मूळ कारणही सापडले. नायट्रिकच्या दिवशी तिने "२.४० धूर बंद" असे लिहिले होते. सुरुवात २ वाजता झाली होती, म्हणजे दीड तासाच्या ऐवजी चाळीस मिनिटे. त्या दिवशी वॉटर बाथ तीन जणांत मिळून होती. शेजारच्याने आपल्या प्रयोगासाठी पाणी कमी पडले म्हणून नळाचे थंड पाणी ओतले होते आणि बाथ उकळायची थांबली होती. धूर बेंझॉइन संपले म्हणून थांबला नव्हता, तापमान पडले म्हणून थांबला होता. फ्लास्कमध्ये पाहून ते कळणेही शक्य नव्हते. उकळत्या बाथवर बेंझिल वितळलेले तेल असते आणि उरलेले बेंझॉइन त्या तेलातच विरघळून बसते. घन कण दिसत नाहीत म्हणून बेंझॉइन संपले, असे म्हणता येत नाही.

निष्पत्ती

मिश्रण थंड केल्यावर बेंझिल स्वतःहून स्फटिकांत आले. गाळून, निळसर रंग आणि अॅसिटिक अॅसिडचा वास जाईपर्यंत पाण्याने धुतले. वाळवून ६.६ ग्रॅम. या वेळी कच्च्या मालाचाच मेल्टिंग पॉइंट आधी घेतला: ९२ ते ९४. एक रीक्रिस्टलायझेशन केल्यावर ५.९ ग्रॅम, ९४ ते ९५. बाटलीतल्या बेंझिलसोबत मिसळूनही ९४ ते ९५. संशोधनाच्या खोलीतल्या दिव्याखाली टीएलसीवर एक ठिपका. शेजारी लावलेल्या जुन्या मालात बेंझिलच्या खाली बेंझॉइनचा दुसरा ठिपका स्पष्ट दिसत होता.

एकंदर यील्ड साठ टक्क्यांच्या आसपास भरले. जर्नलमध्ये तिने दोन्ही आकडे लिहिले, पहिल्या मालाचे पंच्याण्णव टक्के आणि ८४ ते ९० चा पल्ला, आणि दुसऱ्याचे साठ टक्के आणि ९४ ते ९५. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी साठ टक्क्यांबद्दल कपाळाला आठ्या घातल्या, मग पान उलटून पहिला पल्ला वाचला आणि पुढचे सगळे प्रश्न युटेक्टिकवरच विचारले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त संधी पहिल्याच दिवशी हुकली. कच्च्या मालाचा एक कण, अल्कोहोल आणि कॉस्टिकचा थेंब. पाच मिनिटांचे काम. त्या वेळी माल अजून अल्कोहोलला लागलेलाही नव्हता. नीट धुऊन वाळवून तो परत नायट्रिकमध्येच टाकता आला असता आणि दोन रीक्रिस्टलायझेशनमध्ये गेलेले दोन ग्रॅम वाचले असते. अल्कोहोल लागल्यावर तो मार्ग बंद झाला. म्हणून अभिक्रिया पूर्ण झाली का, हा प्रश्न शुद्धीकरणाच्या आधी विचारायचा.

दुसऱ्या रीक्रिस्टलायझेशनबद्दल मी तिला दोष देणार नाही. एका आकड्यावरून काही ठरत नाही. पल्ला हलतो का हे पाहायला दुसरा आकडा लागतोच. पण त्यासाठी सगळा माल घ्यायची गरज नव्हती. अर्धा ग्रॅम परीक्षानळीत रीक्रिस्टलाइझ केला असता तरी तेच उत्तर मिळाले असते.

नायट्रिकच्या पद्धतीत "धूर थांबेपर्यंत" ही सूचना पुस्तकात आहे आणि ती चुकीची नाही, फक्त तिच्यामागे एक अट आहे: बाथ सतत उकळती हवी. बाथमध्ये थर्मामीटर सोडून ठेवला असता तर २.३५ लाच गोष्ट लक्षात आली असती. पुढच्या बॅचपासून मॅडमनी प्रयोगपत्रिकेत वेळ आणि बाथचे तापमान असे दोन रकाने घातले, आणि धूर थांबल्यावर कॉस्टिकची चाचणी नकारात्मक आल्याशिवाय पाण्यात ओतायचे नाही, अशी ओळ जोडली. भरून काढायला वेळ लागलेली गोष्ट एकच, यूव्हीचा दिवा. तो दुरुस्त होऊन यायला पुढचे सत्र उजाडले. तोवर टीएलसीच्या प्लेट आयोडीनच्या बरणीतच बघितल्या गेल्या.